कोऱ्या पानावरचे अंगठे

मी गोदीतला हमाल. मॅट्रिक झालोय, चार कविता छापून आल्यात, म्हणून गावात मला कारकून समजतात. मागल्या सुट्टीत वाशीम जिल्ह्यातल्या आमच्या गावी गेलो. वस्तीच्या समितीचं रजिस्टर पुढ्यात टाकून अध्यक्षकाका म्हणाले, "परवाच्या मिटिंगचं इतिवृत्त लिहून दे बापू. सह्या झाल्या हायेत."

पान कोरं. खाली सतरा सह्या, सहा अंगठे. विषयपत्रिका नाही, टिपण नाही, ठराव नाही. काय ठरलं, विचारलं तर म्हणाले, "तुले लिहाले येते ना? मंग लिही चांगलं!"

आता चांगलं लिहिणं माझ्या हातचं होतं. पण मी त्या सभेत नव्हतो. गोदीत टॅली क्लार्क डोळ्यांदेखत उतरलेला नग मांडतो, अंदाजाने मांडत नाही. मांडला तर भरपाई कुणाच्या तरी अंगावर येते.

मी तिघांना वेगवेगळं गाठलं. आधी दोघं एकत्र बसले, की एक बोलतो अन् दुसरा मान हलवतो, म्हणून वेगवेगळं. विचारलं एवढंच: कोण बोललं, काय ठरलं, विरोध कुणाचा? हातपंपासाठी ग्रामपंचायतीला अर्ज द्यायचा, हे तिघांनीही सांगितलं. वर्गणीवर मात्र गाडं अडलं. काका म्हणाले घरटी शंभर. दुसरा म्हणाला पन्नास. आणि आजी म्हणाली, "वर्गणी ठरलीच नाही रे. पंप पंचायतीनं दुरुस्त करावा, असं आम्ही बायांनी म्हटलं होतं."

मित्रांनो, मी "घरटी शंभर रुपये, सर्वानुमते मंजूर" असं लिहिलं असतं, तर आजीचा अंगठा तिच्याच विरुद्ध साक्ष देत राहिला असता. तिला तर ते वाचताही आलं नसतं.

म्हणून मी त्या पानावर लिहिलंच नाही. कोऱ्या जागेवर आडवी रेघ मारली. पुढच्या पानावर "मसुदा" लिहिलं. सभेची तारीख घातली, आणि लिहिलं त्या दिवसाची वेगळी घातली. सभेत हजर नव्हतो, तिघांना विचारून लिहिलं, हेही नोंदवलं. अर्जाचा ठराव लिहिला. सूचक-अनुमोदक कुणाला आठवेनात, तिथं "नोंद नाही". वर्गणीपुढे: "एकमत नाही, पुढील सभेत ठेवावे."

काका रागावले. म्हणाले, "हे काय इतिवृत्त हाये?" पण पुढल्या सभेचा पहिलाच विषय असतो, मागील इतिवृत्त वाचून कायम करणे. तिथं मी ते मोठ्याने वाचलं, दोनदा. वर्गणीवर हात वर झाले: बाजूने नऊ, विरोधात बारा. आकडे तिथल्या तिथं लिहिले, परत वाचून दाखवले, आणि मगच अंगठे घेतले.

या वेळी आजीने अंगठा उठवायच्या आधी विचारलं, "वर काय लिवलं ते सांग." मी सांगितलं.