गालावरचं फुलपाखरू

कवितेत गाल लाल होतात ते लाजेनं किंवा रागानं. प्रत्यक्षात ते इतरही कारणांनी होतात आणि त्यातली काही कारणं घरातल्या आरशात कळत नाहीत. मी डॉक्टर नव्हे. पण आमच्या नात्यातल्या एका मुलीच्या आजारपणात त्वचारोगतज्ज्ञांशी जे बोलणं झालं, वाचन झालं, त्यातून गालावरच्या लालीचे तीन प्रकार मला ओळखता येऊ लागले. तेच आज सांगतो.

पहिला प्रकार सगळ्यांच्या ओळखीचा, मुरुम. त्वचेतल्या तैलग्रंथीचं तोंड बुजतं, आत तेल साठतं आणि पुटकुळी येते. मुरुमाची खूण लालीत नसते. ती असते त्या बुजलेल्या तोंडात, म्हणजे काळ्या ठिपक्यांत आणि पांढऱ्या बारीक दाण्यांत. नीट पाहिलं तर हे दाणे कपाळावर, हनुवटीवर, पुष्कळदा पाठीवर आणि छातीवरही सापडतात.

दुसरा प्रकार रोझेशिया. हे नाव आपल्याकडे कमी ऐकू येतं. आजार मात्र आहे. तो साधारण तिशीनंतर येतो. गरम चहा घेतला, तिखट खाल्लं, चुलीपुढे बसलं, उन्हातून आलं की काही मिनिटांत चेहरा तापतो, चरचरतो आणि तास-दोन तासांत निवतो. पुढेपुढे लाली कायमची राहते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात. यातही पुटकुळ्या येतात, म्हणून लोक याला मुरुमच समजतात. पण काळे-पांढरे दाणे इथे नसतात. शिवाय अनेकांचे डोळे खुपतात, वाळू गेल्यासारखे वाटतात. मुरुमांची झोंबणारी मलमं या त्वचेवर लावली तर ती आणखी भडकते.

तिसरा प्रकार ल्युपसचा. या लॅटिन शब्दाचा अर्थ लांडगा. जुन्या वैद्यांना चेहरा कुरतडणारे व्रण पाहून लांडग्याचा चावा आठवला. पुढे दोन्ही गालांवर पंख आणि नाकाच्या दांड्यावर धड अशी आकृती पाहून कुणाला फुलपाखरू आठवलं. एकाच आजाराच्या नावात लांडगा आणि फुलपाखरू! पण हा मुळात त्वचेचा आजार नव्हेच. शरीराची संरक्षणव्यवस्था आपल्याच अवयवांवर उलटते, आणि गालावर दिसतो तो तिचा एक खुणेचा ठसा. रुग्णांत बायका फार, बहुधा पंधरा ते पंचेचाळीस या वयातल्या.

हा ठसा ओळखायचा कसा? नाकपुडीपासून ओठांच्या कोपऱ्यापर्यंत एक घडी उतरते, हसताना खोल होते ती. ल्युपसचा पुरळ बहुतेक वेळा ही घडी सोडतो. पंख घडीपाशी येऊन थांबतात. त्यात पू नसतो, काळे दाणे नसतात. ऊन लागल्यावर तो काही तासांनी किंवा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उमटतो आणि दिवसेंदिवस, कधी आठवडेही टिकतो. ऊन रोझेशियालाही सोसत नाही. म्हणून नुसतं ‘उन्हानं वाढतं’ एवढ्यावर निदान होत नाही. लाली किती वेळ राहते, ते पाहायचं. आणखी एक गोष्ट. पुस्तकांतली चित्रं गोऱ्या चेहऱ्यांची असतात. आपल्या सावळ्या कातडीवर हीच लाली जांभळट किंवा तपकिरी दिसते, कधी डाग म्हणून सोडून दिली जाते.

आता त्या मुलीची गोष्ट. तिला आपण शमीम म्हणू. वय बावीस, प्राथमिक शाळेत शिक्षिका. सकाळची कवायत मैदानात उभं राहून घ्यायची. गाल लाल झाले तेव्हा आई म्हणाली, “उष्णता झालीय, सब्जा घे.” मग औषधाच्या दुकानातून एक मलम आलं. चार दिवसांत चेहरा उजळला. मलम थांबवलं की लाली परत. असं चार महिने चाललं. ते मलम स्टिरॉईडचं होतं. हे मलम सूज आणि लाली दाबतं, मूळ कारण तसंच राहतं. महिनोन् महिने चेहऱ्यावर लावलं तर कातडी पातळ होते, स्वतः रोझेशियासारखी लाली आणि मुरुमांसारख्या पुटकुळ्या आणते. म्हणजे तिन्ही आजारांच्या खुणा एकमेकींत मिसळतात आणि डॉक्टरांनाही चेहरा वाचता येत नाही. २०१८ साली सरकारनं अशी अनेक मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली. तरी ती सहज मिळतात.

दरम्यान शमीमची बोटं सकाळी आखडू लागली. पीठ मळताना मूठ वळेना. केस पुंजक्यांनी गळू लागले. त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी तिचा चेहरा खिडकीच्या उजेडात पाहिला, तिला हसायला सांगितलं, घडी पाहिली. मग टाळू पाहिली. तिथे न दुखणारा एक व्रण होता. आणि त्यांनी विचारलं, “बेटा, लघवीला फेस येतो का? पायांवर सूज?” शमीमची आई चकित झाली. गालाचा आणि लघवीचा काय संबंध? संबंध असा, की ल्युपस मूत्रपिंडावर चाल करून जातो तेव्हा तिथे दुखत नाही. लघवीतून प्रथिनं जाऊ लागतात, एवढंच.

तपासणीत लघवीत प्रथिनं निघाली. रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी होत्या. एएनए चाचणी सकारात्मक आली. इथे एक इशारा देतो. ही चाचणी ल्युपसच्या जवळजवळ प्रत्येक रुग्णात सकारात्मक येते, पण पुष्कळ निरोगी माणसांतही येते. तेवढा एक कागद पाहून कुणी हबकून जाऊ नये. शमीमच्या बाबतीत डीएनएविरुद्धची प्रतिद्रव्यं वाढलेली होती, कॉम्प्लिमेंट नावाची प्रथिनं घटलेली होती, मग मूत्रपिंडाचा बारीक तुकडा तपासला गेला, तेव्हा निदान पक्कं झालं.

औषधांत हायड्रॉक्सिक्लोरोक्विन आलं. त्यासाठी डोळ्यांची ठरावीक तपासणी करावी लागते. मूत्रपिंडासाठी प्रतिकारशक्ती आवरणारं औषध आलं आणि स्टिरॉईडच्या गोळ्याही. शमीमनं मला विचारलं, “मामू, ज्या मलमानं घात केला तेच पोटात घ्यायचं?” मी तिचा प्रश्न बाईंपुढे ठेवला. त्या म्हणाल्या, “औषध तेच, पण आता आजार ठाऊक आहे, मात्रा मोजलेली आहे आणि ती आम्ही हळूहळू उतरवणार आहोत. मनानं एकदम बंद केलं तर मात्र जिवावर बेतेल.” लग्नाचं विचारल्यावर त्यांनी सांगितलं की लग्न होतं, मुलंही होतात, मात्र आजार किमान सहा महिने शांत हवा आणि गर्भाला घातक औषधं आधी बदलून घ्यावी लागतात.

आज शमीम शाळेत आहे. कवायत दुसऱ्या बाई घेतात. लघवीची तपासणी दर तीन महिन्यांनी होते.

घडीची ही खूण उपयोगी आहे, पण अंतिम नाही. कोंड्याच्या जातीचा एक खरजाळ पुरळ नेमका घडीत बसतो. रोझेशिया कधी हुबेहूब फुलपाखरू काढतो. शंका उरली तर त्वचेचा तुकडा तपासतात. आपण घरी एवढंच करावं. लाली असेल त्या दिवशी, उजेडात, चेहऱ्याचा फोटो काढून ठेवावा. लावलेल्या प्रत्येक मलमाची ट्यूब डॉक्टरांकडे न्यावी, लाजून लपवू नये. आणि लालीबरोबर सांधे आखडणं, ताप, तोंडातला व्रण, केसगळती किंवा पायांची सूज असेल, तर मलम शोधण्याआधी लघवीची साधी तपासणी करून घ्यावी. तिचा खर्च बहुधा त्या ट्यूबपेक्षा फार नसतो.