आंबापोळीच्या ड्रायरचा हिशेब



मागच्या दिवाळीत तुम्ही आमच्या बचत गटाला ९०,००० रुपये दिलेत. तुमचे मनापासून आभार. त्या पैशांचं काय झालं, ते आज सांगतो.

सोलर ड्रायर ६४,००० रुपयांना आला. स्टीलच्या ताटांना १२,५०० लागले. चौथरा आणि वाहतूक यांवर ८,३०० खर्च झाले, आणि वजनकाटा २,२०० रुपयांना घेतला. एकूण ८७,०००. उरलेले ३,००० गटाच्या खात्यात आहेत, ड्रायरचा वरचा कागद फाटला तर बदलायला.

पण ड्रायर आला म्हणजे काम झालं असं नाही. पोळी किती वाचली, ते महत्त्वाचं. आंबापोळी, म्हणजे आपली साठां, आम्ही मे महिन्यात कॅनिंगच्या हापूसची करतो. ताटाला तूप लावून रसाचा पातळ थर द्यायचा, तो सुकला की त्यावर दुसरा. उघड्यावर याला तीन-चार दिवस लागतात. मधेच वळवाचा पाऊस आला की पोळी आतून ओली राहते, आंबूस वास येतो, पांढरी बुरशी धरते. मागच्या वर्षी ४४ किलो पोळीतली १२ किलो अशीच टाकावी लागली.

यंदा ड्रायरमध्ये दोन दिवसांत पोळी सुकली. ८०० किलो आंब्याचा ४०० किलो रस निघाला, त्याची ८८ किलो पोळी झाली. टाकावी लागली फक्त ४ किलो.

कुणी म्हणेल, यंदा पाऊसच कमी झाला असेल. म्हणून आम्ही त्याच दिवसांत थोडी ताटं मुद्दाम उघड्यावर ठेवली होती. त्यातली चौथ्या हिश्श्याहून जास्त पोळी खराब झाली, म्हणजे मागच्या वर्षीसारखीच. त्या हिशेबाने ८८ किलोंतली २४ किलो गेली असती. ड्रायरमुळे २० किलो वाचली. ७०० रुपये किलोच्या भावाने ते १४,००० रुपये झाले. यंदा आंबा दुप्पट घेतला म्हणून विक्री वाढली, ती आम्ही यात धरलेली नाही.

एक अडचण सांगायलाच हवी. सलग ढगाळ असलं की ड्रायरही मंदावतो. अशा दिवशी नवा रस काढायचा नाही, असं आम्ही ठरवलंय. पोळी ताटाला न चिकटता सुटली आणि दुमडल्यावर तडकली नाही, तरच पाकिटात भरायची.

असेच सहा-सात हंगाम गेले, तर तुमच्या ८७,००० रुपयांएवढी पोळी वाचलेली असेल. पावत्या आणि वजनाची वही गटाच्या खोलीत ठेवलीय. गणपतीत गावी याल तेव्हा जरूर बघून जा.