पेन्शनच्या रकान्यातले अडीच लाख: ईपीएसचं पत्रक नीट वाचूया

आजचा भाग जरा आकडेमोडीचा आहे, पण वही-पेन घेऊन बसायची गरज नाही, मी सावकाश सांगते.

झालं काय, आमच्या शेजारचे एक काका भोसरीतल्या एका कारखान्यात फिटर होते. ३१ ऑगस्ट २०२५ ला वयाची अठ्ठावन्न वर्षं पूर्ण करून निवृत्त होणार, त्याच्या महिनाभर आधी कंपनीने त्यांच्या हातात एक दोन पानी पत्रक ठेवलं. कर्मचारी पेन्शन योजना, १९९५. आपण सगळे ईपीएस म्हणतो ती. काका पत्रक घेऊन आमच्याकडे आले आणि म्हणाले, "अगं, एवढंच सांग, पेन्शनचे अडीच लाख कधी मिळतील? गावच्या घराचा स्लॅब टाकायचाय."

मी पगारपत्रकांच्या कामात बरीच वर्षं काढली आहेत आणि हा प्रश्न मी अक्षरशः शेकडो वेळा ऐकलाय. कारण पीएफच्या पासबुकात शेवटचा एक रकाना असतो, पेन्शन अंशदान असं लिहिलेला. तिथे काकांचे सुमारे अडीच लाख दिसत होते. माणसाला वाटतं, दिसतायत म्हणजे माझे आहेत. पत्रकाचा निम्मा अर्थ याच गैरसमजात अडकलेला आहे, म्हणून आधी पैसे जातात कुठे ते बघू.

काकांचा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून बावीस हजार. त्यांच्या पगारातून बारा टक्के, म्हणजे २,६४० रुपये कापले जातात आणि ते सगळेच्या सगळे पीएफमध्ये जातात. पेन्शनसाठी कामगाराच्या खिशातून एक पैसाही जात नाही. तेवढेच २,६४० कंपनी घालते, पण त्याचे दोन वाटे होतात. पगाराच्या ८.३३ टक्के पेन्शनकडे, मात्र पगार कितीही असला तरी तो पंधरा हजारच धरायचा. म्हणजे महिना १,२५० रुपये. उरलेले १,३९० पीएफमध्ये. शिवाय केंद्र सरकार आपल्याकडून १.१६ टक्के घालतं, तेही पंधरा हजारांवरच. ही पंधरा हजारांची मर्यादा १ सप्टेंबर २०१४ पासूनची. त्याआधी ती साडेसहा हजार होती. ही तारीख लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता यातला पीएफ हा तुमचा साठा आहे. त्यावर दरवर्षी व्याज चढतं आणि निवृत्तीनंतर तो पूर्ण काढता येतो. पेन्शनचे १,२५० मात्र एका सामायिक निधीत जातात. पासबुकात नीट बघा, पेन्शनच्या रकान्यावर व्याज कधीच लागलेलं दिसणार नाही. तो रकाना म्हणजे फक्त भरल्याची नोंद आहे. तिथे दोन लाख दिसोत की तीन लाख, तुमची पेन्शन त्या आकड्यावरून ठरतच नाही.

मग ठरते कशावरून? पेन्शनयोग्य पगाराला नोकरीच्या वर्षांनी गुणायचं आणि सत्तरने भागायचं. पगार म्हणजे शेवटच्या साठ महिन्यांची सरासरी, पण वर सांगितलेल्या मर्यादेत. आणि इथे ती तारीख येते. १ सप्टेंबर २०१४ च्या आधीच्या नोकरीला जास्तीत जास्त साडेसहा हजार धरतात, नंतरच्या नोकरीला पंधरा हजार.

काका १ सप्टेंबर २००० ला लागले. म्हणजे जुनी चौदा वर्षं आणि नवी अकरा, एकूण पंचवीस. साडेसहा हजार गुणिले चौदा, म्हणजे एक्याण्णव हजार. पंधरा हजार गुणिले अकरा, म्हणजे एक लाख पासष्ट हजार. बेरीज दोन लाख छप्पन्न हजार, तिला पंचवीसने भागलं की सरासरी पगार आला १०,२४०. आता वीस वर्षांहून जास्त नोकरी करून जो अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त होतो, त्याला दोन वर्षं वाढवून मिळतात. म्हणून पंचवीसची झाली सत्तावीस. १०,२४० गुणिले २७, भागिले ७०. महिना सुमारे ३,९५० रुपये.

काका थोडा वेळ गप्प बसले. बावीस हजारांवरून चार हजार. आणि यावर महागाई भत्ता नाही हेही सांगावं लागलं. आज ३,९५० तर दहा वर्षांनीही ३,९५०, सरकारने योजनेतच काही बदल केला तरच वेगळं. (ज्यांनी पूर्ण पगारावर पेन्शन मिळावी म्हणून अर्ज केले होते त्यांचा हिशोब निराळा, तो आज घेत नाही.)

"मग मला ते अडीच लाखच द्या ना एकदम." हा काकांचा पुढचा प्रश्न. नाही मिळत. दहा वर्षं नोकरी पूर्ण झाली की पेन्शनची रक्कम काढून घ्यायची सोय संपते, मग महिन्याची पेन्शनच घ्यावी लागते. दहा वर्षांपेक्षा कमी नोकरी असेल तरच फॉर्म १०-सी भरून पैसे काढता येतात, आणि तेही पासबुकातला आकडा नाही, तर योजनेतल्या एका तक्त्यानुसार, पगार आणि वर्षं बघून. पूर्वी पेन्शनचा एक तृतीयांश भाग विकून एकरकमी पैसे घेता यायचे. जुनी मंडळी अजून तेच सांगत असतात. ती सोय सप्टेंबर २००८ मध्ये बंद झाली.

तसं बघितलं तर काकांचा तोटा नाही. वर्षाला ४७,४०० रुपये मिळाले तर साडेपाच वर्षांच्या आतच ते अडीच लाख वसूल होतात. पण स्लॅबचं काय? तो पीएफमधून. पीएफसाठी फॉर्म १९, आणि निवृत्तीनंतर तो पूर्ण निघतो. घाई नसेल तर ठेवलाही तरी चालतो, तीन वर्षांपर्यंत व्याज चालू राहतं, फक्त नोकरी सुटल्यानंतरच्या व्याजावर कर लागतो.

आता पत्रकातला 'पर्याय' हा परिच्छेद. त्यात लिहिलंय की अठ्ठावन्नला पेन्शन न घेता साठपर्यंत थांबलात तर दरवर्षी चार टक्के जास्त मिळेल. ऐकायला छान वाटतं. काकांच्या मुलाने तर ठरवूनच टाकलं होतं की बाबांनी थांबावं. आम्ही कागदावर मांडलं. दोन वर्षं थांबल्यावर साधारण आठ टक्के वाढ, म्हणजे महिना ३१६ रुपये जास्त. पण त्या दोन वर्षांत सोडलेली पेन्शन किती? चोवीस महिने गुणिले ३,९५०, म्हणजे ९४,८००. महिना ३१६ ने ते भरून निघायला तीनशे महिने लागतात. पंचवीस वर्षं! साठात पंचवीस मिळवा, काका पंच्याऐंशीचे होतील तेव्हा बरोबरी होणार. काकांनी मुलाकडे नुसतं बघितलं.

ज्यांची कंपनी साठपर्यंत कामावर ठेवते त्यांना या दोन वर्षांत पेन्शनचा हप्ताही चालू ठेवता येतो, मग वर्षंही वाढतात आणि गणित बदलतं. नोकरीच संपली असेल तर मला थांबण्यात अर्थ दिसत नाही. उलट बाजूचा पर्यायही आहे, पन्नाशीनंतर नोकरी सुटली तर आधीच पेन्शन घ्यायची, पण दर वर्षामागे चार टक्के कमी, आणि ती कपात कायमची.

काकांचं निधन झालं तर काकूंना निम्मी, म्हणजे १,९७५ रुपये. मुलांनाही मिळते, पण पंचवीस वर्षांपर्यंतच, आणि काकांची दोन्ही मुलं त्यापुढे गेलीत.

आता कुठे अडकतं ते सांगते, कारण पत्रकात हे नसतं. फॉर्म १०-डी, म्हणजे पेन्शनचा अर्ज, भरायच्या आधी यूएएनच्या पोर्टलवर नोकरीची सगळी नोंद उघडून बघा. समजा काकांनी पहिली आठ वर्षं दुसऱ्या कारखान्यात काढली असती आणि तिथून निघताना १०-सी भरून पेन्शनचे पैसे काढले असते. मग ती आठ वर्षं शून्य. उरली सतरा, त्यामुळे वाढीव दोन वर्षंही गेली. पेन्शन ३,९५० ऐवजी २,९१४. पैसे काढले नसतील, नुसती जुनी नोकरी नव्या खात्याला जोडायची राहिली असेल, तर ते अर्जाआधी जोडून घेता येतं.

दुसरं, कंपनीने नोकरी सोडल्याची तारीख भरली आहे का बघा. तिसरं, अठ्ठावन्न पूर्ण झाल्यावर पेन्शनचा हप्ता थांबायला हवा आणि कंपनीचे सगळे बारा टक्के पीएफमध्ये जायला हवेत. निवृत्तीनंतर कंत्राटावर ठेवलेल्या माणसाचे १,२५० कधीकधी पुढेही तसेच जात राहतात, आणि मग अर्ज परत येऊ शकतो. पासबुकात एका नजरेत कळतं: अठ्ठावन्नाव्या वाढदिवसानंतरच्या महिन्यांत पेन्शनच्या रकान्यात आकडा दिसला तर कंपनीला आधी दुरुस्ती करायला लावा.

आणि जन्मतारीख. आपल्याकडे गुरुजींनी शाळेत घालताना लावलेली १ जून किती जणांची आहे! आधारवर एक, पीएफच्या नोंदीत दुसरी, असं असेल तर अनेकदा कंपनीमार्फत दुरुस्तीचा अर्ज करावा लागतो. नोकरीत असतानाच हे उरका, कंपनीची सही तेव्हा सहज मिळते.

काकांची जन्मतारीख जुळली, पण कंपनीने सोडल्याची तारीख भरली नव्हती. ती भरून घेतली, मग १०-डीला काकूंसोबतचा फोटो, पासबुकाची प्रत आणि आधार जोडलं. पेन्शन सुरू झाल्यावर वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यायचा. ईपीएसवाल्यांना तो नोव्हेंबरातच द्यायला हवा असं नाही, ज्या दिवशी द्याल तिथून वर्षभर चालतो. काकांनी वाढदिवसाचा महिना धरलाय.

फॉर्म १९ चे पैसे आले आणि स्लॅबही पडला. पुढच्या भागात ग्रॅच्युइटी घेऊ, त्यावरही तुमचे बरेच प्रश्न आलेत.