फाशांच्या क्रिकेटमध्ये गडी किती वेळा बाद व्हावा?

नाणेघाटाकडे कोसळतो तेवढा पाऊस आणे पठारावर येत नाही. पण येतो त्या दुपारी मैदान बंद, आणि घरात फाशांच्या क्रिकेटला जागा मिळते. या खेळाची नेहमीची रीत अशी : एकच फासा, पडेल तेवढ्या धावा आणि पाच पडले की आऊट. माझा आक्षेप या पाचावर आहे. सहा चेंडूंत एक बळी म्हणजे दर गड्यामागे १६ धावा. सलामीचा फलंदाज आणि अकरावा खेळाडू अगदी सारखे. डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यात भाऊसाहेब निंबाळकरांनी काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ धावा केल्या. तशी खेळी या फाशावर हजारो कोटी डावांत एकदा निघेल. जे खरोखर घडले त्याला खेळात जागाच नसेल, तर चूक नियमाची आहे.

उपाय म्हणजे एक लाल आणि एक पांढरा फासा. लाल दशकाचा, पांढरा एककाचा. ११ ते ६६ पर्यंत ३६ घरे मिळतात. त्यांत १८ घरे निर्धाव, ११ घरे एकेरी धावेची, दोन घरे दोन धावांची, दोन चौकाराची, एक षटकाराचे. उरलेली दोन घरे ‘अपील’ची. अपील झाले की एक फासा पुन्हा टाकायचा. चांगला फलंदाज एक किंवा दोनवरच बाद, मधल्या फळीतला चारपर्यंत, शेपटाचा कशावरही. आता चांगल्या फलंदाजाची सरासरी त्रेचाळीसच्या पुढे जाते आणि शेवटच्याची चौदा-पंधरा राहते. निंबाळकरांची खेळी अंदाजे वीस हजार डावांत एकदा येईल. दुर्मीळ, पण शक्य. हवे ते एवढेच.

दोनदा फासे टाकल्याने खेळ रेंगाळेल, असे कोणी म्हणेल. पण अपील सरासरी अठरा चेंडूंत एकदाच होते आणि नेमकी तीच घटका उत्कंठेची असते. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे : यात कौशल्य कुठे? खरेच, नुसत्या या तक्त्यावर ते नाही, आणि वीस षटकांत शंभरही धावा होत नाहीत. म्हणून षटकापूर्वी कर्णधाराला ‘आक्रमण’ जाहीर करू द्यावे. त्या षटकात एकेरीच्या दोन धावा मिळतात, पण अपीलवर बाद होण्याचे दोन अंक वाढतात. षटकामागे पाचाच्या जागी साडेसहा धावा येतात. चांगल्या फलंदाजाचा बळी मात्र दुप्पट वेगाने पडतो. गडी राखायचे की धावा ओढायच्या, हे आता फासा ठरवत नाही.

स्कोअरबुक नीट लिहिले तर तक्ताही तपासता येतो. आक्रमण न करता ५० षटके टाकून पाहा. धावा २४० च्या आसपास आणि अपिले सतराच्या आसपास हवीत. दहा-बारा किंवा बावीस आली तरी चालेल. पाच-सहाच आली, किंवा तीस झाली, तर आधी फाशांच्या कडा झिजल्या आहेत का ते पाहावे आणि मगच तक्त्याला हात लावावा.