पाणी देण्याआधी

(माजी विद्यार्थी मेळाव्यात सांगितलेली कथा, शब्दांकित)



'तू लिहितेस ना, मग एक गोष्टच सांग,' असा संयोजकांचा आग्रह होता. म्हणून भाषण न करता आपल्या घिवलीतली एक गोष्ट सांगते. गोष्टीतली माणसं मी मनाने रचलेली आहेत, तेव्हा 'ही अमक्याची मुलगी का?' असं जेवताना कुणी विचारू नका. मात्र गोष्टीतले नियम, तारखा आणि पगार खरे आहेत. त्यांची मला सवय आहे, कारण माझं आयुष्य सरकारी फायलींत गेलं.

मुलीचं नाव आपण चारू ठेवू. तिचे बाबा डायमेकर. चिंचणी-वाणगावपासून आपल्या पट्ट्यात घरोघर डाय बनतात, हे इथे बसलेल्यांना सांगायला नको. पण आपली मुलं आता बाहेरगावी असतात आणि हा अंक त्यांच्याही हाती पडेल, म्हणून थोडक्यात सांगते. दागिन्याची नक्षी पोलादाच्या ठोकळ्यात उलटी कोरायची. दागिन्यावर जे उंच दिसायला हवं, ते ठोकळ्यात खोल जातं. त्यावर सोन्याचा किंवा पितळेचा पातळ पत्रा ठेवून दाब दिला की पान-फूल उमटतं. कोरताना पोलाद नरम असतं. काम पूर्ण झालं की ते लालबुंद तापवून पाणी देतात, म्हणजे एकदम थंड करून कडक करतात. पाणी दिल्यावर त्यावर छिन्नी चालत नाही. म्हणून चारूचे बाबा पाणी देण्याआधी प्रत्येक डायमध्ये मेण दाबून ठसा घेत, तो खिडकीशी नेऊन उजेडात फिरवून बघत आणि मगच भट्टी पेटवत.

चारू आठवीत असताना तिने बाबांना शेवंती काढून दिली. पाकळ्या खोल, टोकं अगदी धारदार. कागदावर सुंदर दिसत होती. बाबांनी ती कोरली, मेणाचा ठसा घेतला आणि तिच्यासमोर ठेवला. पाकळ्यांच्या कडा सरळ उभ्या होत्या, त्यामुळे मेण सुटताना ओढलं गेलं होतं.

"पत्राही असाच अडकणार," बाबा म्हणाले. "आणि या टोकाशी फाटणार. कड जरा तिरकी हवी, टोक जरा गोल. फूल तुझंच राहील, पण ते सुटून बाहेर आलं पाहिजे."

त्या दिवसापासून चारू चित्र काढताना पत्र्याचा विचार करू लागली.

बारावी झाली. तोपर्यंत बाबांची कामं कमी झाली होती. व्यापारी म्हणत, कॉम्प्युटरवर नक्षी काढून मशीनवर डाय कापून मिळते, आणि बदल हवा तर दहा मिनिटांत होतो. चारू तारापूर एमआयडीसीतल्या एका कंपनीत डेटा एन्ट्रीला लागली. संध्याकाळी बोईसरला टायपिंगचा क्लास करून तिने मराठी तीसचं प्रमाणपत्र घेतलं, कारण आईने सांगितलं होतं, 'जिल्हा परिषदेची जाहिरात आली की सोडायची नाही.'

आईच्या बोलण्यामागे कारण होतं. चारूच्या मामेभावाने २०१९ च्या मार्चमधल्या जाहिरातीला अर्ज केला होता. ती परीक्षा झालीच नाही, भरती रद्द झाली. नवी जाहिरात निघाली २०२३ च्या ऑगस्टमध्ये. चार वर्षं तो मुलगा 'आता होईल, मग होईल' करत राहिला. आई म्हणे, "नोकरीची गाडी रोज येत नाही."

चारूने ऑगस्टमध्ये कनिष्ठ सहायकाचा अर्ज भरला. त्याच वर्षी तिने आणखी एक अर्ज भरला, तो घरी फक्त बाबांना माहीत होता. अहमदाबादच्या एनआयडीचा, म्हणजे राष्ट्रीय डिझाइन संस्थेचा. चार वर्षांचा बी.डेस. अभ्यासक्रम, कुठल्याही शाखेची बारावी चालते.

या संस्थेबद्दल चारूने वाचलेली एक गोष्ट मला फार आवडते. १९५८ साली चार्ल्स आणि रे ईम्स हे अमेरिकन जोडपं सरकारच्या बोलावण्यावरून भारतात फिरलं आणि त्यांनी एक अहवाल लिहिला. त्यावरून १९६१ साली ही संस्था उभी राहिली. त्या अहवालात चांगल्या डिझाइनचं उदाहरण म्हणून त्यांनी घेतला आपला लोटा! त्यात पाणी किती मावतं, भरल्यावर तो कमरेवर किंवा डोक्यावर कसा तोलला जातो, धार कशी पडते, आतून घासता येतो का, याचा विचार करा, असं त्यांनी मांडलं. चारूने हे बाबांना वाचून दाखवलं. बाबा म्हणाले, "म्हणजे तुझी शेवंतीच की. सुटून बाहेर आली पाहिजे."

डिसेंबरात एनआयडीची पूर्वपरीक्षा झाली, तीन तास कागद-पेन्सिलीवर. ती पार पडल्यावर मुख्य परीक्षा. तिथे हाताने वस्तू करून दाखवायची असते. चारूला तार आणि कागद मिळाला. शेजारची मुलं उंच, देखण्या रचना करत होती. चारूने आधी कागद किती वाकल्यावर फाटतो ते कोपऱ्यात करून पाहिलं आणि मग कामाला हात घातला.

२०२४ च्या जूनमध्ये दोन्ही कागद घरात होते. एक अहमदाबादचा प्रवेश, दुसरा जिल्हा परिषदेचा नियुक्ती आदेश.

आईने देवापुढे साखर ठेवली ती दुसऱ्या कागदासाठी. मूळ पगार १९,९००, भत्ते धरून आणि कपात जाऊन हातात सत्तावीस-अठ्ठावीस हजार. पालघरला रोज जाऊन-येऊन करता येणारी नोकरी. आई म्हणाली, "आणि म्हातारपणी पेन्शन!"

इथे मला मध्येच बोलावं लागतंय. १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांना माझ्यासारखी जुनी पेन्शन नाही. त्यांच्या पगारातून दरमहा दहा टक्के कापले जातात आणि सरकार आपली भर घालतं. नोकरी चांगलीच आहे, पण आई जी नोकरी डोळ्यांपुढे आणत होती, ती माझ्या पिढीची होती.

मामा आले. त्यांनी मधला मार्ग काढला. "आधी रुजू हो. एक-दोन वर्षांनी रजा टाकून शीक." सगळ्यांना हायसं वाटलं. चारूलाही वाटलं.

रात्री ती वही घेऊन बसली. अध्ययन रजेला आधी पाच वर्षांची सेवा लागते, आणि शिक्षणाचा कामाशी संबंध असावा लागतो. लिपिकाच्या कामाशी दागिन्याच्या नक्षीचा संबंध कोण लावणार? मग वय. एनआयडीच्या बी.डेस.ला खुल्या वर्गात वीस वर्षांची मर्यादा, इतर मागासवर्गाला तीन वर्षांची सवलत. चारूचा जन्म डिसेंबर २००१ चा. यंदा सवलतीत ती बसत होती, पुढच्या वर्षी बसणार नव्हती. उलट नोकरीला खुल्या वर्गातही अडतीसपर्यंत अर्ज करता येतो. म्हणजे मामांचा मधला मार्ग हा मार्गच नव्हता. कोर्सचं दार या जुलैत कायमचं बंद होत होतं. नोकरीचं दार बंद होत नव्हतं, पण पुन्हा कधी उघडेल हे मामेभावाला विचारायला हवं होतं.

मग पैसे. चार वर्षांची फी, वसतिगृह, जेवण, साहित्य, सगळा आकडा लाखांत गेला. शैक्षणिक कर्ज साडेसात लाखांपर्यंत घर तारण न ठेवता मिळू शकतं आणि कोर्स संपल्यावर वर्षभराने हप्ते सुरू होतात. पण व्याज पहिल्या दिवसापासून चढतं. दुसऱ्या रकान्यात तिने नोकरीचे चार वर्षांचे पगार मांडले. तेरा लाखांच्या वर गेले. दोन्ही रकान्यांखाली रेघ मारली आणि ती रडली. कागदावर नोकरी जिंकत होती.

सकाळी तिने वही बाबांपुढे ठेवली. बाबांनी ती सावकाश वाचली. मग म्हणाले, "हिशेब बरोबर आहे. एक रकाना राहिला. मशीनवाल्याकडे नक्षी कोण काढतं, ते आपण कधी विचारलंच नाही."

दोघं व्यापाऱ्याकडे गेले. नक्षी मुंबईहून येत होती. मशीन चालवणारा मुलगा वैतागलेला होता. पडद्यावर फूल छान दिसे, पण कडा सरळ असत, पत्रा अडके, डाय पुन्हा कापावी लागे. चारूने त्याच्या पडद्यावरची एक पाकळी बोटाने दाखवली. "इथे फाटत असेल ना?" मुलगा म्हणाला, "तुम्हाला कसं कळलं?"

परत येताना बाबा रिक्षात काही बोलले नाहीत. घरी आल्यावर आईला म्हणाले, "ठसा बरा आला."

आई दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिने विचारलं ते एवढंच, "आणि नाही जमलं तर?" चारू म्हणाली, "तर सव्विसाव्या वर्षी कर्ज डोक्यावर घेऊन मी पुन्हा जाहिरातीची वाट बघेन. टायपिंग विसरणार नाही." हे उत्तर आईला आवडलं नाही, पण ते खरं होतं, म्हणून तिने पुढे विचारलं नाही.

शेवटचं एक काम राहिलं होतं. नोकरी नाकारणारे बरेचजण कार्यालयाला कळवतच नाहीत. रुजू व्हायची मुदत संपते, स्मरणपत्र जातं, महिने जातात, आणि प्रतीक्षायादीची स्वतःची मुदतही संपत येते. खाली वाट बघणाऱ्याची संधी अशी हकनाक जाते. चारूने दुसऱ्याच दिवशी लेखी कळवलं की मी रुजू होणार नाही, आणि अर्जाची पोच घेतली. 'ज्याच्या नशिबात असेल त्याला लवकर मिळू दे,' असं आई म्हणाली. ते साखर ठेवतानाच्याच आवाजात म्हणाली.

मित्रहो, गोष्ट इथे संपते. चारू अहमदाबादला पास झाली की नाही, हे मला विचारू नका. ती अजून शिकते आहे. आणि मी हिची बाजू घेते म्हणजे लिपिकाच्या नोकरीला नावं ठेवते, असंही समजू नका. मी स्वतः तीच नोकरी घेतली. त्या पगारावर दोन भावंडांची शिक्षणं झाली. माझ्यापुढे तेव्हा एकच कागद होता. तिच्यापुढे दोन होते, आणि तिने दोन्ही नीट वाचले.

चारूच्या जागी प्रतीक्षायादीतली जी मुलगी रुजू झाली, तिच्या घरीही त्या दिवशी साखर ठेवली गेली असेल. तिची गोष्ट पुढच्या मेळाव्याला सांगेन.