माणसालाही घटसर्प होतो



पावसाळ्याआधी आपण बैलांना घटसर्पाची लस टोचून घेतो. माणसाचा घटसर्प निराळा. त्याचा जंतू वेगळा, लसही वेगळी. घशात राखाडी पापुद्रा धरतो, मान सुजते, श्वास कोंडतो. जंतूचं विष हृदयापर्यंत पोचतं. तेव्हा लस उपयोगाची नाही. मोठ्या दवाखान्यात प्रतिविष द्यावं लागतं.

लहानपणच्या लसीचा जोर पुढे ओसरतो. विळा लागला की आपण टीटी मागतो. पण टीटी फक्त धनुर्वाताची. 2019 पासून सरकारी लसीकरणात तिच्या जागी टीडी आली. तिच्यात घटसर्पाचीही लस आहे. म्हणून आपण टीडी मागायची.

समजा, लहानपणीचे डोस पुरे झालेत, शेवटची टीडी 6 वर्षांपूर्वीची, आणि पऱ्हाटीचा खुंट पायात घुसून जखमेत माती गेली. अशा जखमेला 5 वर्षांची मुदत धरतात. ती उलटली, म्हणून टीडी घ्यायची. जखम नसली तरी दर 10 वर्षांनी एक.

ज्यांनी कधीच लस घेतली नाही त्यांना एक डोस पुरत नाही. दुसरा 4 आठवड्यांनी, तिसरा त्यानंतर 6 ते 12 महिन्यांनी. तारखा पासबुकात लिहून ठेवू. जखमेच्या वेळी डॉक्टर पहिलं तेच विचारतात.