आडनावांची ओळ



एखाद्या ग्रंथाच्या शेवटी जी व्यक्तिनामांची सूची छापलेली असते, ती वाचण्याकरिता कोणी ग्रंथ विकत घेत नाही. तिचा उपयोग शोधण्याकरिता असतो आणि शोधणारा माणूस मोठा अधीर असतो. त्याला हवे असलेले नाव त्याच्या अपेक्षेच्या जागी दिसले नाही, तर ते ग्रंथातच नाही असे समजून तो पुस्तक मिटतो. चुकीच्या जागी पडलेले नाव आणि गाळलेले नाव यांत त्याच्या दृष्टीने काहीच अंतर उरत नाही. अशा सूचीत नावे लावायची कशी, एवढ्याच एका प्रश्नाविषयी आज बोलावयाचे आहे.

आपण मराठी माणसे नाव लिहितो ते प्रथम स्वतःचे, मग वडिलांचे वा पतीचे आणि शेवटी आडनाव अशा क्रमाने. सूचीत मात्र आडनाव पुढे यावे लागते. महादेव गोविंद रानडे हे नाव तेथे ‘रानडे, महादेव गोविंद’ असे होते. शेवटचा शब्द उचलून पुढे ठेवला, मध्ये स्वल्पविराम दिला आणि वर्णक्रम लावला की काम संपले, असे प्रथम वाटते. संगणकाला तर हे काम क्षणात करता येते. शंभरांतील पुष्कळशी मराठी नावे या रीतीने सुरळीत बसतातही. अडचण येते ती उरलेल्या नावांची, आणि ही उरलेली नावे बहुधा ज्यांचा शोध अधिक घेतला जातो अशा माणसांची असतात.

नमुन्यादाखल एकच नाव घेऊ. समीक्षक म्हणून मराठी वाचकांना परिचित असलेले श्री. के. क्षीरसागर. सूची करणारा कारकून बहुधा पहिले काम हे करतो की नावांपुढचे ‘श्री.’, ‘सौ.’, ‘डॉ.’, ‘प्रा.’ हे सारे मान काढून टाकतो. ते योग्यच आहे. नाहीतर अर्धी सूची ‘डॉ.’च्या घरात जाऊन बसेल. परंतु येथे ‘श्री.’ हा मान नव्हे. ते श्रीकृष्ण या नावाचे आद्याक्षर आहे. ते काढले की उरते ‘क्षीरसागर, के.’ आणि हा ‘के.’ कोण ते कोणासच ओळखू येत नाही. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर आणि श्रीपाद महादेव माटे यांची गत याहून निराळी होत नाही. ओळखण्याची खूण सोपी आहे. ‘श्री.’ काढल्यानंतर आडनावापूर्वी एकच आद्याक्षर उरत असेल, तर तेथे थांबावे आणि मूळ ग्रंथ उघडून पाहावा. दोन आद्याक्षरे उरली तर तो ‘श्री.’ बहुधा मानाचाच असतो.

याच नावात दुसरी अडचण दडलेली आहे, ती ‘क्ष’ची. आपल्या वर्णमालेत ह, ळ, क्ष, ज्ञ हा शेवटचा क्रम शाळेतच पाठ झालेला असतो, म्हणून वाचक क्षीरसागर हे नाव सूचीच्या अखेरीस शोधतो. संगणकाला मात्र ‘क्ष’ नावाचे अक्षर ठाऊक नसते. तो क, हलन्ताचे चिन्ह आणि ष अशी तीन चिन्हे पाहतो आणि केवळ चिन्हांच्या अनुक्रमाने चालला, तर क्षीरसागर यांना ‘क’च्या सगळ्या बाराखडीनंतर, पण ‘ख’च्या आधी नेऊन बसवतो. ज्ञानेश्वर तसेच ‘ज’मध्ये जातात. ‘ळ’चेही असेच. चिन्हांच्या कोष्टकात तो ‘ल’च्या पाठोपाठ येतो, आपल्या वर्णमालेत ‘ह’च्या मागून. म्हणून कालेलकर, काळे, कावळे, कासार हा यंत्राचा क्रम आणि कालेलकर, कावळे, कासार, काळे हा परंपरेचा. हे केवळ दोन व्यवस्थांचे अंतर आहे आणि माझ्या मते मराठी वाचकासाठी छापलेल्या सूचीत परंपरेचाच क्रम असावा, कारण सूची वाचकाच्या सवयीसाठी असते. कोणताही निवडावा, पण एकच निवडावा आणि सूचीच्या माथ्यावर एका ओळीत तो सांगावा.

आता जरा दूरच्या नावांकडे वळू. शेवटचा शब्द म्हणजे आडनाव हा नियम आपला आणि गुजराती बांधवांचा. मोहनदास करमचंद गांधी हे नाव तो निमूटपणे पाळते. विंध्य आणि गोदावरी ओलांडली की तो सैल होतो. शियाळी रामामृत रंगनाथन हे आपल्या देशातील ग्रंथालयशास्त्राचे आचार्य. १९३४ साली त्यांनी ग्रंथसूचीकरणाची आपली नियमावली प्रसिद्ध केली. त्यांच्या नावात शियाळी हे गावाचे नाव, रामामृत हे वडिलांचे आणि रंगनाथन हे त्यांचे स्वतःचे. आडनाव त्यात नाहीच! तरीही शेवटच्या शब्दाखाली, म्हणजे ‘रंगनाथन’खाली, नोंद केली तर ती बरोबर बसते, कारण लोक त्यांना त्याच नावाने शोधतात. कुमारस्वामी कामराज यांच्या बाबतीत वडिलांचे नाव पुढे आणि स्वतःचे मागे आहे. तेथेही ‘कामराज’ हेच योग्य. आंध्राकडे घराण्याचे नाव प्रथम येते. नीलम संजीव रेड्डी यांचे घराणे नीलम, स्वतःचे नाव संजीव रेड्डी. यंत्राने शेवटचा शब्द उचलला की ते इतर सगळ्या रेड्डींच्या गर्दीत मिसळतात. त्यांची मुख्य नोंद ‘संजीव रेड्डी, नीलम’ अशी करावी आणि मराठी वाचक तेथे जाणार नाही हे ओळखून ‘रेड्डी’खाली ‘पाहा : संजीव रेड्डी’ एवढी एक ओळ ठेवावी. ही ‘पाहा’ची ओळ हे सूचिकाराचे फार उपयोगी साधन आहे. कुसुमाग्रज म्हणून शोधणाऱ्याला शिरवाडकरांकडे पाठवायचे किंवा उलट, ते तीच करते.

उलट अडचण आपल्याच घरात दोन शब्दांच्या आडनावांची आहे. नाईक निंबाळकर हे एक आडनाव. शेवटचा शब्द उचलला की ‘निंबाळकर’ पुढे येते आणि ‘नाईक’ मागे वडिलांच्या नावाला चिकटतो. आणि जेथे आडनावच नाही, तेथे उलटापालट करूच नये. ज्ञानेश्वर ज्ञानेश्वरच राहतात. पंडिता रमाबाईंची नोंद ‘रमाबाई’खाली करून ‘पंडिता’ मागे ठेवावी. विजयालक्ष्मी पंडित यांच्या नावात मात्र ‘पंडित’ हेच आडनाव आहे. एकच शब्द पुढे असता मान असतो आणि मागे असता आडनाव.

हे सारे पाहून असे वाटेल की काम हातानेच करावे. तसे नाही. जुने सूचिकार प्रत्येक नावाची एक चिठ्ठी करीत. वर डाव्या हाताला क्रमासाठीचे रूप, खाली ग्रंथात जसे आले तसे मूळ रूप आणि पृष्ठांक. तीच पद्धत संगणकावर दोन रकान्यांची होते. पहिल्या रकान्यात नाव जसेच्या तसे, त्याला हात लावायचा नाही; दुसऱ्यात क्रमाचे रूप. ते यंत्राने भरावे, पण माणसाने वाचून दुरुस्त करावे. क्रम लावताना सारे रकाने एकत्र निवडलेले असावेत, ही साधी गोष्ट विसरली की एकच रकाना हलतो, बाकीचे जागीच राहतात आणि एका नावासमोर दुसऱ्याचे पृष्ठांक येतात. पान मात्र नीटनेटके दिसते, म्हणून हा घोटाळा सगळ्यांत उशिरा उघडकीस येतो. क्रम लावण्यापूर्वी पाचसहा नावे पृष्ठांकांसह वेगळ्या कागदावर लिहून ठेवावीत आणि नंतर ताडून पाहावीत. दोन मिनिटांचे काम आहे.

एक लहानसे उदाहरण पुरते लावून पाहू. ग्रंथात आलेली नावे अशी समजा : चिंतामण द्वारकानाथ देशमुख, श्री. के. क्षीरसागर, धोंडो केशव कर्वे, दत्तात्रेय बाळकृष्ण कालेलकर, धर्मानंद दामोदर कोसंबी, गोपाळ हरी देशमुख, इरावती कर्वे, व. पु. काळे, दामोदर धर्मानंद कोसंबी, आणि ज्ञानेश्वर. आडनाव पुढे घेऊन परंपरेच्या क्रमाने ती अशी लागतात : कर्वे, इरावती, कर्वे, धोंडो केशव, कालेलकर, दत्तात्रेय बाळकृष्ण, काळे, व. पु.; कोसंबी, दामोदर धर्मानंद; कोसंबी, धर्मानंद दामोदर; देशमुख, गोपाळ हरी; देशमुख, चिंतामण द्वारकानाथ; क्षीरसागर, श्री. के.; ज्ञानेश्वर. यात गोपाळ हे चिंतामणच्या आधी आले आहे, याकडे लक्ष द्यावे. इंग्रजी वळणाने विचार करणारा सूचिकार नेमका येथे चुकतो, कारण रोमन लिपीत हा क्रम उलटा होतो.

आणि या दोन कोसंबींविषयी थोडे अधिक. गोव्यात जन्मलेले धर्मानंद दामोदर हे वडील, बौद्ध वाङ्मयाचे थोर अभ्यासक. ते १९४७ साली वारले. दामोदर धर्मानंद हे त्यांचे पुत्र, १९०७ ते १९६६ या काळातले गणिती आणि इतिहासकार. आजोबांचे नाव नातवाला ठेवण्याच्या आपल्या रीतीमुळे पितापुत्रांची नावे एकमेकांची उलटी प्रत झाली आहेत. मराठीत आद्याक्षरे लिहिली तर एक ध. दा. आणि दुसरे दा. ध. राहतात, आपल्या आद्याक्षरांत व्यंजन आणि कानामात्रा टिकून राहते, म्हणून भेद कळतो. तीच रोमन लिपीत लिहिली की दोघेही डी. डी. होतात. रोमन यादीवरून मराठी सूची करणारा दोन नोंदी एकत्र करतो आणि बुद्धचरित्राचा अभ्यास व नाण्यांच्या वजनांचे गणित एकाच माणसाच्या नावावर जमा होते. म्हणून आद्याक्षरांवर सूची उभी करू नये. ग्रंथात नाव आद्याक्षरांनी आले असले, तरी क्रमाच्या रकान्यात जेथे खात्रीने ठाऊक असेल तेथे पूर्ण नाव लिहावे. पु. ल. देशपांडे एका प्रकरणात आद्याक्षरांनी आणि दुसऱ्यात पुरुषोत्तम लक्ष्मण असे आले, तर त्यांच्या दोन नोंदी होतात आणि अर्धे पृष्ठांक एकीकडे, अर्धे दुसरीकडे जातात.

छपाईपूर्वी सूची कशी तपासावी? सगळी वाचून काढणे हा मार्ग कंटाळवाणा आहे आणि डोळा त्यात फार लवकर सरावतो. त्याऐवजी प्रथम नोंदींची संख्या मोजावी. पूर्वीइतकी आहे की नाही ते पाहावे. मग केवळ आडनावांची ओळ वरून खाली वाचावी. तेथे ‘गोविंद’, ‘राव’, ‘बाई’ असे काही आडनावाच्या जागी दिसले, कंसातील टोपणनाव पुढे आले किंवा जागा रिकामीच दिसली, तर ती नोंद बिघडली आहे. रिकामी जागा बहुधा नावाच्या शेवटी नकळत पडलेल्या मोकळ्या अंतराची असते. यंत्राने त्या अंतरालाच शेवटचा शब्द मानलेले असते. शेवटी ग्रंथ कोठेही उघडून दहा नावे निवडावीत आणि ती सूचीत शोधावीत. शक्य असल्यास हे काम ज्याने सूची केली नाही अशा माणसाकडे द्यावे, कारण करणाऱ्याला कोणते नाव कोठे ठेवले हे आठवत असते, वाचकाला ते आठवण्याचे कारण नसते.